कपाळ माझं, भिंत सरकारची

खण्ण.

हा आवाज झाला की आम्ही समजायचो, साहेब आले. मग वर बघायची गरज नसायची. कापडी पिशवी भिंतीवरच्या खिळ्याला अडकवली की तिच्यातले टाळ एकमेकांवर आपटायचे. साहेब खुर्चीत बसायचे, कपाळावरचं गंध दोन बोटांनी चाचपून ते जागेवर असल्याची खात्री करायचे आणि विचारायचे, "पहिला नंबर कोणाचा?"

तुम्हीही असे साहेब पाहिले असतील. गळ्यात तुळशीची माळ, कपाळावर ठसठशीत गंध, शर्टाच्या खिशात अंगाऱ्याची पुडी. बोरीवलीतल्या आमच्या पालिकेच्या समाजमंदिरात ते व्यवस्थापक म्हणून आले तेव्हा मला फार आनंद झाला होता. समाजमंदिर म्हणजे भाड्याने द्यायचा हॉल. नावात मंदिर आहे म्हणून काही आजीबाई दारातच चपला काढतात, तो भाग वेगळा. मी तिथला बुकिंग क्लार्क, आणि स्वतःच स्वतःला नेमलेला पुजारी.

काउंटरमागच्या भिंतीवर आमच्या देवाचा मोठा फोटो होता. तो कोणी लावला हे कोणाला ठाऊक नव्हतं. फोटो आपले आपण येत नाहीत, पण सरकारी ऑफिसात देव मात्र तसेच येतात. दर गुरुवारी अकरा वाजता मी आरती करायचो. खिडकीबाहेर लोक फॉर्म घेऊन उभे असत. त्यातले निम्मे टाळ्या वाजवत आणि निम्मे घड्याळ बघत. टाळ्या वाजवणाऱ्यांचं काम आधी व्हायचं, असं नाही. पण व्हायचंच नाही, असंही मला शपथेवर सांगता येणार नाही. हार ऑफिसच्या किरकोळ खर्चातून यायचा, 'साफसफाई साहित्य' या नावाखाली.

असे गंधवाले, माळवाले साहेब आलेत म्हटल्यावर मी पहिल्या गुरुवारी पंचारती घासूनपुसून ठेवली. साहेब आत आले, फोटोसमोर उभे राहिले, हात जोडून डोळे मिटले. मी पंचारती पुढे केली. डोळे उघडून ते म्हणाले, "स्टूल आणा."

मला वाटलं, मोठा हार घालणार. ते स्टुलावर चढले आणि त्यांनी फोटोच खाली उतरवला.

"हा कोणाचा?"

देव कोणाचा, या प्रश्नाचं उत्तर एरवी लोक तलवारी काढून देतात. आम्ही ऑफिसातले तिघेही छताकडे बघत राहिलो.

"मग मी घरी नेतो," ते म्हणाले. बॅगेतून धुतलेलं उपरणं काढलं, फोटो त्यात बाळासारखा गुंडाळला आणि संध्याकाळी रिक्षातून मांडीवर घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी रिकाम्या खिळ्याला त्यांनी पिशवी अडकवली. खण्ण.

आता मी काही भांडकुदळ माणूस नाही. माझं भांडण घरी बायकोशी सुरू होतं आणि तिथेच हरून संपतं. पण त्या दिवशी मी बोललो. "साहेब, स्पष्ट विचारतो, राग मानू नका. तुम्ही नास्तिक आहात का?"

"मी नास्तिक नाही हो. मी ड्युटीवर आहे."

"मग गंधही पुसा की. ते चालतं, आणि देव चालत नाही?"

त्यांनी कपाळाला बोट लावलं, मग भिंतीकडे दाखवलं. "कपाळ माझं आहे. भिंत सरकारची."

पुढे हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की झोपेतही म्हणून दाखवलं असतं. पण ते जसं बोलत तसंच वागत, ही खरी अडचण होती. माझ्या मनगटातला गंडा त्यांना कधी खुपला नाही. आमचे इलेक्ट्रिशियन चाचा शुक्रवारी दुपारी नमाजाला जात. त्या वेळेचं काम ते संध्याकाळी थांबून भरून काढत. साहेबांनी ही सवलत चालू ठेवली आणि मला गणपतीत तीच सवलत दिली, तीही भरून काढण्याच्या अटीसकट. अट मला फारशी आवडली नाही. चाचा एकदा मला म्हणाले, "क्या करें, बाबू, इनका तो देव भी हाजिरी लगाके आता होगा."

हार बंद झाला तेव्हा मी शेवटचा प्रयत्न केला. म्हटलं, साहेब, एक हार, तो किती मोठा खर्च? ते म्हणाले, "हार लहानच आहे. पण जो माणूस कर भरतो तो सगळ्या धर्मांचा असतो, कुठल्याच नसलेलाही असतो. त्याच्याकडून एका देवाची वर्गणी अशी न विचारता काढायची नाही. तुमच्या पैशाचा हार आणा, तुमच्या घरी घाला. मी येतो आरतीला."

आणि ते खरंच आले. आमच्या घरी दर शनिवारी भजन असतं. आमची आई त्या भजनी मंडळाची बुवा. वडील गिरणीत होते तेव्हापासूनचं हे मंडळ. गिरणी गेली, वडील गेले, मंडळ राहिलं. आई देवगडकडची. तिच्या आवाजाला शेजारच्या इमारतीतले लोक खिडक्या लावतात, पण ती पेटीवर बसली की सगळा गुंता आपोआप सुटतो. साहेब टाळ घेऊन यायचे आणि कोपऱ्यात मांडी घालून बसायचे. ऑफिसात नियमाच्या बाहेर इंचभर न सरकणारा हा माणूस टाळ वाजवताना मात्र प्रत्येक समेच्या एक तर जरा आधी, नाहीतर जरा नंतर पोचायचा. आई गाता गाता त्यांच्याकडे बघायची. ते डोळे मिटून, गालावर पाणी, आपल्याच तालात. भजन संपलं की आई म्हणायची, "अवो, तुमचो टाळ देवाक ऐकाक जाता की माका छळूक?"

"दोन्हीसाठी, आई," म्हणून ते तिच्या हातचे घावणे मागून घ्यायचे. त्यांना मूल नव्हतं. वहिनींचे गुडघे दुखत, त्यामुळे बाहेर पडणं नाही. शनिवारची संध्याकाळ हीच त्यांची चैन होती, हे पुढचं समजायला तुम्हाला उपयोगी पडेल.

एके दिवशी खिडकीवर एक बाई आल्या. जवळच्या एका हॉस्पिटलात नर्स होत्या. मूळच्या जालन्याकडच्या, इथे डोंगराजवळच्या वस्तीत राहायच्या. आम्ही त्यांना गायकवाडताई म्हणू. त्यांचे मिस्टर गेल्याला वर्ष होत होतं. पुढच्या आठवड्यातल्या रविवारी पहिला स्मृतिदिन. बुद्धवंदना, भंतेजींचं प्रवचन आणि मग सगळ्यांना जेवण. गावाहून माणसं यायची होती, आणि घर एका खोलीचं.

"ते याच हॉलमध्ये कॅरम शिकवायचे पोरांना," त्या म्हणाल्या. "म्हणून म्हटलं, इथंच व्हावं."

तारीख मोकळी होती. मी पावती फाडली. साहेबांनी नियम सांगितले: भोंगा दहानंतर नाही, मेणबत्त्या-उदबत्त्या स्टीलच्या ताटात, उघडी आग नाही, जाताना हॉल झाडून. हे ते सगळ्यांना सांगत, अगदी पाच वर्षांच्या वाढदिवसवाल्यालासुद्धा, आणि तो केकवरच्या मेणबत्तीकडे बघून घाबरायचा.

चार-पाच दिवसांनी शनिवारी भजन संपल्यावर आईने घोषणा केली. मंडळाला पंचवीस वर्षं झाली. मोठा सोहळा करायचा. तारीख ठरली होती, प्रमुख पाहुणे ठरले होते, निमंत्रणं छापायला गेली होती. फक्त हॉल घ्यायचा राहिला होता, पण तो काय, आपलाच. क्लार्क घरातला, व्यवस्थापक टाळकरी.

तारीख तीच.

साहेब घावण्याचा घास हातात धरून थांबले. "आई, तो रविवार दिलेला आहे."

"कोणाक?"

"एका ताईंना. नवऱ्याचा स्मृतिदिन आहे."

"मग तिका सांगा, फुडच्या रविवारी कर."

"स्मृतिदिन पुढच्या रविवारी येत नाही, आई. तुमचा सोहळा येऊ शकतो."

आईने पेटीचा भाता बंद केला. "माझ्या हातचे घावणे खावन माकाच नियम शिकवता? अवो, तुम्ही आमचे की त्यांचे?"

साहेबांनी घास ताटात परत ठेवला. "आत्ता तुमचा. सोमवारी दहा वाजता कोणाचाच नाही."

सोमवारी मंडळाचे खजिनदार काका काउंटरवर आले. गोड बोलणारा माणूस, मला लहानपणापासून गोळ्या देणारा. म्हणाले, भांडण नको, तोडगा काढू. त्यांचा कार्यक्रम दुपारी संपेल, आपला संध्याकाळी. साहेब म्हणाले, उत्तम, संध्याकाळ मोकळी आहे, फॉर्म भरा. मला हायसं वाटलं. आईला आनंदाची बातमी सांगायची म्हणून मी फोन उचललासुद्धा.

काका खिडकीत वाकले. "एकच छोटी गोष्ट. ते लोक गेल्यावर हॉल नीट धुऊन द्या. म्हणजे नुसतं पाणी नाही. गोमूत्र आम्ही आणू, शिंपडायला तुमचा माणूस द्या. आमच्याकडे पूजा मांडायची असते ना."

मी फोन खाली ठेवला.

साहेब नेहमी हळू बोलत. तेव्हाही हळूच बोलले, पण पहिल्यांदा मला त्यांची भीती वाटली. "परवा इथे लग्न झालं. त्याआधी तुमच्याच बिल्डिंगची भिशी. तेव्हा का नाही शिंपडलं?"

"तो प्रश्न वेगळा. ही आमची धार्मिक बाब आहे. तुम्ही तर तटस्थ ना? मग मध्ये येऊ नका."

"धर्माच्या बाबतीत तटस्थ आहे," साहेब म्हणाले. "तुम्ही कोणाची पूजा करता, किती वेळ करता, मला कर्तव्य नाही. पण अस्पृश्यतेच्या बाबतीत नाही. ती घटनेने बंद केलीय, कुठल्याही रूपात. ती देवाच्या नावाने आली तरी बंद, आणि गोमूत्राच्या बाटलीतून आली तरी बंद. इथे मी मध्ये येणारच. तेवढ्यासाठीच पगार आहे."

"म्हणजे तुम्ही धर्माच्या विरोधात."

"फॉर्म भरा, संध्याकाळ तुमची. हॉल जसा सगळ्यांना मिळतो तसा मिळेल. झाडलेला."

काकांनी फॉर्म भरला नाही. ते सरळ वॉर्ड ऑफिसात गेले. तिथल्या वरच्या साहेबांना म्हणाले, तुमचा माणूस हिंदूंना हॉल देत नाही. त्याच दुपारी दुसऱ्या कोणी तरी तिथेच तक्रार केली होती की गंध लावून बसणारा हा माणूस सरकारी हॉलचा मठ करतोय. आता एका माणसाबद्दल दोन तक्रारी, आणि दोन्ही एकमेकींच्या पाठीला पाठ लावून उभ्या. तो माणूस नेमका कुठे उभा असेल, हे तुम्ही ओळखलं असेल. वरच्या साहेबांनी ओळखलं नाही. त्यांना फक्त डोकेदुखी नको होती. संध्याकाळी आदेश आला: पालिका धर्मनिरपेक्ष असल्यामुळे समाजमंदिरात यापुढे कोणताही धार्मिक कार्यक्रम होणार नाही. दिलेली बुकिंगं रद्द.

मला तो आदेश न्याय्य वाटला, हे कबूल केलं पाहिजे. म्हटलं, वा, ना तुमचं ना त्यांचं. आईलाही नाही आणि ताईंनाही नाही. मारामारी करणाऱ्या दोन मुलांचा चेंडू बापाने काढून घ्यावा तसं. मी तसं साहेबांना बोललोही.

ते म्हणाले, "गायकवाडताईंना बोलवा. हे फोनवर सांगायचं नाही."

ताई ड्युटीवरून तशाच आल्या. साहेबांनी आदेश वाचून दाखवला. त्यांनी तो कागद हातात घेऊन स्वतः पुन्हा वाचला. गावच्या लोकांची तिकिटं काढून झाली होती.

"मला समजलं नाही, सर," त्या शेवटी म्हणाल्या. "याच हॉलमध्ये त्यांनी आठ वर्षं कॅरम शिकवला. ते चाललं. आता त्यांच्यासाठी हात जोडायचे, तर चालत नाही. म्हणजे सरकारला कशाचा राग आहे? हात जोडण्याचा?"

मी टेबलावरची पिन उचलली आणि परत ठेवली. माझ्या न्यायी चेंडूतली हवा गेली.

"सरकारला राग असायला नको," साहेब म्हणाले. "मला दोन दिवस द्या, ताई. भंतेजींना अजून नाही म्हणू नका."

त्या गेल्यावर त्यांनी मला टाइप करायला बसवलं. असं टिपण मी जन्मात टाइप केलेलं नाही. सुरुवात सरळ होती: हॉल जनतेसाठी उघडा आहे. तो फक्त लसीकरणासाठी ठेवा, कोणाची तक्रार नाही. पण भिशी, वाढदिवस, योगासनं, साडी सेल सगळ्यांना दार उघडं आणि फक्त प्रार्थना आली की बंद, याला तटस्थपणा म्हणत नाहीत. घटनेने प्रत्येकाला आपला धर्म मानायचं, पाळायचं स्वातंत्र्य दिलंय, सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य सांभाळून. सरकारने स्वतः पूजा करायची नाही, पूजेला पैसे द्यायचे नाहीत आणि पूजा करणाऱ्याच्या अंगावरही जायचं नाही.

"साहेब," मी मध्येच म्हटलं, "आमचे काका म्हणतात, तो सेक्युलर शब्द मुळात नव्हताच, नंतर घुसवला."

"शब्द नंतर आला. कलमं पहिल्यापासून आहेत. काकांना सांगा, बाळाचं बारसं उशिरा झालं म्हणून बाळ नव्हतं असं होत नाही. टाइप करा."

आणि मग ते गमतीवर आले. गंमत करताना त्यांचा चेहरा जास्तच गंभीर व्हायचा. "आदेशाच्या अंमलबजावणीसाठी पुढील बाबतींत मार्गदर्शन व्हावे. लग्न. मंगलाष्टका धार्मिक धराव्यात काय? धरल्यास वधूवरांनी हार घालून गप्प उभे राहावे काय? निकाह आणि चर्चची प्रार्थना यांनाही तेच लागू करावे काय? बारसे. बाळाचे नाव देवाचे ठेवल्यास हॉल रद्द करावा काय? हळदीकुंकू. महिला बचत गटाचे हळदीकुंकू बचत धरावे की हळदीकुंकू? योगवर्ग सुरुवातीला श्लोक म्हणतो. श्लोक संपेपर्यंत त्यांना फुटपाथवर उभे करावे काय?"

मी हसून हसून चुका करत होतो. ते म्हणाले, "हसू नका. मार्गदर्शन येईपर्यंत आपल्याला आदेश पाळायचाय. या महिन्याच्या सगळ्या लग्नांना फोन लावा आणि सांगा, मंत्राशिवाय."

मी फोन लावले. तो माझ्या नोकरीतला सर्वांत रंगीत दिवस होता. एका वरपित्याने मला विचारलं, मंत्र नाहीत तर गुरुजींना निम्मे पैसे द्यायचे का. एका आजींनी फोनवरच मंगलाष्टक म्हणून दाखवलं आणि यात धर्म कुठाय ते दाखव म्हणाल्या. तिसऱ्या नंबरवर पलीकडून आवाज आला, "कोण बोलतंय? कुठला आदेश?" आवाज ओळखीचा वाटला. आदेशावर सही करणाऱ्या वरच्या साहेबांचाच तो होता. त्यांच्या भाचीचं लग्न पंधरा दिवसांवर होतं.

फोन मी घाईघाईने आमच्या साहेबांच्या हातात दिला. ते उभे राहून बोलत होते. "हो सर. आपलाच आदेश. नाही सर, अपवाद कसा करणार, सगळ्यांना सारखाच... मंगलाष्टकांचं मी विचारलंय टिपणात, मुद्दा पहिला... होय सर, आपली सही आहे खाली."

दुसऱ्या दिवशी आदेश मागे घेण्यात आला. वरच्यांनी शब्द मात्र छान वापरला: 'पुनर्विलोकनांती'. हॉल पूर्वीच्याच अटींवर, सगळ्यांना, आधी येईल त्याला आधी.

रविवारी गायकवाडताईंचा कार्यक्रम झाला. कॅरमवाल्या गायकवाडांचा फोटो, पांढरी फुलं, स्टीलच्या ताटात मेणबत्त्या. माणसं इतकी की जिन्यापर्यंत. साहेब दाराशी उभे होते, आत नाही आणि बाहेर नाही, उंबऱ्यावरच. वंदना सुरू झाली तेव्हा ते सरळ उभे राहिले, हात मागे. भंतेजी बोलायला लागले तेव्हा मी पाहिलं, ते बोलणं मान हलवत ऐकत होते. ताई पानावर बसायला बोलवायला आल्या, तर म्हणाले, "ड्युटी संपली की." ड्युटी संपली आणि ते दोन वाट्या खीर प्यायले. खिरीच्या बाबतीत ते तटस्थ नव्हते.

मंडळाचा सोहळा पुढच्या रविवारी झाला. काकांना आता होम हवा होता. साहेब म्हणाले, बंद हॉलमध्ये उघडा अग्नी नाही. "त्यांना मेणबत्त्या चालतात आणि आमचा होम नाही," काकांनी हॉलभर सांगितलं. "तुमची समई चालते," साहेब म्हणाले, "आणि लग्नातली शोभेची फटाक्यांची कारंजी कोणाचीच चालत नाहीत. हवं तर विचारा." समई लागली. आई गायला बसली. पंचवीस वर्षांत ती इतकी चांगली गायल्याचं मला आठवत नाही.

साहेबांना कोणी बोलावलं नव्हतं. त्या सोमवारनंतर दोन शनिवार ते घरी आले होते. आईने दार उघडलं, आणि "जागा नाय हा" म्हणून लावून घेतलं. दोन खोल्यांत जागा नव्हती हे तसं खरंच होतं.

सोहळ्याच्या दिवशी ते काउंटरवर बसून होते. खिळ्याला पिशवी. आतून आईचा आवाज येत होता, टाळ वाजत होते, सगळे अगदी समेवर. मी पाणी आणायला बाहेर आलो, तर साहेब टेबलाच्या काठावर बोटांनी ठेका धरून बसले होते. डोळे मिटलेले. समेच्या जरा नंतर.

"आत चला ना, साहेब," मी म्हटलं.

"ड्युटीवर आहे हो," ते म्हणाले. या वेळी ते वाक्य त्यांच्या तोंडी फारसं शोभलं नाही.

महिन्याभरात त्यांची बदली झाली. चेंबूरला, मलनिस्सारण विभागात. भाचीचं लग्न मंत्रांसह व्यवस्थित पार पडल्यावरच. आम्ही हळहळलो तर म्हणाले, "बरंच झालं. गटाराला कोणी कुठल्या धर्माचं म्हणत नाही." जाताना घाई इतकी की पिशवी खिळ्यावरच राहिली.

ती द्यायला मी त्यांच्या घरी गेलो. वहिनींनी चहा केला. समोर देव्हारा होता. देव्हाऱ्याच्या वर, अख्ख्या भिंतीवर, आमच्या ऑफिसातला तो देवाचा फोटो. काच लख्ख, ताजी जास्वंद.

"रोज पूजा करता?" मी विचारलं.

"ही भिंत माझी आहे ना," ते म्हणाले.

पिशवी मी पुढे केली. त्यांनी टाळ काढले, हातात तोलले, वाजवले नाहीत. मग पिशवीत ठेवून पिशवी मलाच परत दिली. "आईंना द्या. मंडळात उपयोग होईल. चांगल्या हातात गेले तर समेवर येतील."

आईने टाळ घेतले नाहीत. "ठेव खय तरी," एवढंच म्हणाली, आणि त्या शनिवारी पहिलंच भजन मध्ये तोडून पाणी प्यायला उठली.

निवृत्तीनंतर ते वहिनींना घेऊन गावी गेले. गेल्या वर्षी तिकडून त्यांच्या भावाचा फोन आला, साहेब गेल्याचा. मी आईला सांगितलं. ती भाजी निवडत होती. निवडत राहिली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "आता मंडळात सगळ्यांचो टाळ बरोबर पडता." मग म्हणाली, "कोणाक ओरडाचा ता समजत नाय." दुसऱ्या दिवशी माझ्या डब्याच्या पिशवीत तिने ते टाळ घालून ठेवले होते. "हाफिसात ने. घरात दिसले काय माका बघवत नाय." तेव्हापासून ते माझ्या डब्याच्या पिशवीतच आहेत.

आमच्याकडे सध्या नवीन साहेब आहेत. तरुण, हौशी. परवा त्यांनी काउंटरमागची भिंत बघितली आणि मला म्हणाले, "एवढा चांगला खिळा रिकामा का ठेवलाय? एखादा छानसा फोटो लावू या. देवाचा. वातावरण प्रसन्न राहतं."

मी भांडकुदळ माणूस नाही, हे मी सांगितलंच. मी डब्याची पिशवी उचलली आणि खिळ्याला अडकवली.

खण्ण.

खिडकीबाहेर रांगेतल्या लोकांनी वर बघितलं. साहेबही बघत होते. मी खुर्चीत बसलो आणि विचारलं, "पहिला नंबर कोणाचा?"